अण्णांना स्टँडवरून आणायचं

दादाला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, दादा वाचला, आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. कशाचं हुश्श न् कशाचं काय! घरी आणल्यावर कळलं की जुना दादा आहे तसाच आहे, पण त्याच्या डोक्यात नवीन काही टिकत नाही. शाळेतल्या मास्तरांच्या लकबी आठवतात, पुण्याला नोकरीत लिहिलेले प्रोग्राम आठवतात, मला लहानपणी कोणत्या नावानं चिडवायचा तेही आठवतं. सकाळी काय खाल्लं ते मात्र दुपारी गायब. पंधरावीस मिनिटं धरून ठेवतो, मग पाटी कोरी. डॉक्टर म्हणाले, एवढं तरी राहिलं हे नशीब समजा. माझं डोकंच फिरलं होतं त्यांचं ते नशीब ऐकून.

पुण्याची नोकरी गेली. दादा लातूरला आई-अण्णांजवळ राहायला आला. मी नांदेडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पायथन शिकवते, शनिवारची बॅच संपली की पिशवी उचलून लातूरची गाडी पकडायची हे माझं ठरून गेलं. लोहा, अहमदपूर, चाकूर. खिडकीला डोकं टेकवून मी दर आठवड्याला हाच विचार करायची, की आज तरी दादा दारात मला म्हणेल, गेल्या वेळेस आलीस तेव्हा तुला सर्दी होती, आता बरी का? कधीच म्हणाला नाही. तो म्हणायचा, "अगं, किती दिवसांनी आलीस!"

रोजची कामं विसरू नयेत म्हणून कामाची यादी त्यानं स्वतःच लिहिली. यादी म्हणजे प्रोग्राम, पायथनचा. त्याला नवीन काही शिकायची गरज नव्हती, हात जुनेच होते, बोटं आपोआप चालत. कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत प्रोग्रामचं नाव लिहायचं आणि पुढं एक शब्द. "नवं" लिहून पुढं काम लिहिलं की ते यादीत जायचं. "दाखव" म्हटलं की राहिलेली कामं दिसायची. "झालं" आणि कामाचा नंबर दिला की ते काम यादीतून दिसेनासं व्हायचं. बस्स, एवढंच.

"प्रोग्राम बंद झाला की त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं," दादानं मला एका शनिवारी समजावलं, जणू मी त्याच्या बॅचची पोरगी. "म्हणून दर वेळेला यादी जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवायची. पुढच्या वेळेला चालू झाला की आधी फाइल वाचायची, मग काम. माझ्यासारखंच आहे येडं." आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्याले.

आमचे अण्णा एसटीत कंट्रोलर होते. लातूरच्या स्टँडवर माईकवर ज्यांचा आवाज घुमायचा ते अण्णा. निलंगा, औसा, उदगीर, कोणती गाडी कोणत्या फलाटाला, कोणती पंक्चर होऊन रेणापूरला बसलीय, सगळं त्यांच्या तोंडात. रिटायर झाल्यावर त्यांना कंट्रोल करायला फक्त आई उरली होती आणि ती कुठं कुणाच्या कंट्रोलमध्ये येणार! म्हणून असेल, पण दादाच्या यादीवर ते तुटून पडले. आधी नाक मुरडलं. "हे काय इंग्रजी खेळ करून राहिलास? वहीत लिही की." दादा म्हणाला, "वही कुठं ठेवली तेच ध्यानात राहत न्हाई, अण्णा. कॉम्प्युटर जागचा हलत न्हाई." हे अण्णांना पटलं. त्यांनी कागदाची पट्टी कापून मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटवली: उठल्यावर आधी दाखव. त्या पट्टीवरचा त्यांचा तो ठसठशीत अक्षराचा हुकूम अजून तिथंच आहे.

मग रोज सकाळी दोघं त्या टेबलाशी. अण्णा कामं सांगणार, दादा टाइप करणार. फुलझाडांना पाणी. गिरणीत दळण. आईच्या गुडघ्याचं तेल. बी.पी.च्या गोळीसारखी रोजची कामं दादानं वेगळी केली. त्यांच्यापुढं "रोज" अशी खूण, आणि ते काम शेवटचं कधी झालं ती तारीख. तारीख आजची नसेल तर काम पुन्हा यादीत उभं राहायचं. जेसनला तारीख म्हणून काही कळत नाही, तिथं ती साध्या मजकुरासारखी लिहावी लागते, हे दादा मला दर शनिवारी नव्यानं सांगायचा. मी दर शनिवारी नव्यानं "हो का?" म्हणायची.

मी एकदा म्हटलं, दादा, खोडायची सोय नाही केलीस? चुकून लिहिलं तर? अण्णाच मधे बोलले, "खोडायचं कामून? लिहिलंय तर करायचं. एकदा माईकवर गाडी लागली म्हणून सांगितलं की ती लागलीच पायजे. न्हाई तर लोक फलाटावर उभे राहतात." दादानं मान डोलावली. खोडायची सोय त्या प्रोग्राममध्ये कधीच आली नाही.

एकदा मात्र सगळा घोटाळा झाला. रात्रंदिवस लाइट जायची तेव्हा, म्हणून अण्णांना यादी कागदावर छापून हवी होती. त्यांनी ती जेसन फाइल पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सवाल्याकडं नेली आणि कागद घेऊन तणतणत परत आले. कागदावर एक मराठी अक्षर नाही. नुसत्या तिरप्या रेघा, यू, आणि आकडे. खिडकीत यादी नीट मराठीत दिसायची, पण फाइलीत पायथन मराठी अक्षरं अशी आकड्यांत घालून ठेवतं, सांगितलं नाही तर. दादानं लगेच प्रोग्राममध्ये एक शब्द बदलला, अक्षरं जशीच्या तशी लिही म्हणून. पण फाइल कोणत्या लिपीच्या पद्धतीनं उघडायची ते सांगायचं राहिलं. विंडोजनं ती आपल्या जुन्या इंग्रजी पद्धतीनं उघडली. लिहायला उघडली की आधी ती रिकामी होते, आणि पहिलं मराठी अक्षर आलं तिथं प्रोग्राम मोडून पडला. फाइलीत उरला एक कंस आणि अर्धी ओळ.

खिडकीत एररची लांबलचक बाराखडी आली होती. दुसऱ्या कुणी ती बघून कपाळाला हात लावला असता. दादा चहा प्यायला उठला, परत येईस्तोवर विसरला, खिडकी बंद केली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, अण्णा कामासाठी बाहेर गेलेले असताना, पुन्हा "दाखव". मोडकी फाइल वाचता आली नाही तर यादी रिकामी धर, असं त्यानंच लिहून ठेवलं होतं, फाइलच नसलेल्या पहिल्या दिवसाच्या सोयीसाठी. प्रोग्राम म्हणाला, काही काम शिल्लक नाही. दादानं त्याच्यावर विश्वास ठेवला आणि दिवसभर ओसरीवर शांत बसून राहिला. झाडं सुकली, गिरणीतला डबा गिरणीतच. संध्याकाळी अण्णांचा मला फोन: "पोरी, त्याला आज काहीच करायचं नव्हतं गं."

मी शनिवारी गेले. फाइल उघडताना लिपी सांगितली, वाचतानाही आणि लिहितानाही. आणि आधी दुसऱ्या फाइलीत पूर्ण लिहायचं, मगच ती जुनीच्या जागी ठेवायची, म्हणजे मधे मोडलं तरी जुनी यादी जिवंत. दादाला ते सगळं माहीत होतं, मी बोलायच्या आत तो पुढची ओळ सांगत होता. पण हरवलेली कामं? ती अण्णांना तोंडपाठ होती. अख्खी यादी त्यांनी बसल्या जागी सांगितली, एकेक काम, मागचीपुढची सुद्धा, जसं माईकवर गाड्यांचं टाइमटेबल. दादा टाइप करत गेला. मला तेव्हा फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, अण्णा आहेत तोवर काही बिघडत नाही.

अण्णा त्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून लवंडले ते उठलेच नाहीत.

दादा सगळीकडं होता. अण्णांना आमच्या लिंगायत रीतीनं बसवून फुलांनी सजवलं तेव्हा विभूतीचं ताट त्याच्याच हातात होतं. खड्ड्यात बेलपानं टाकली, माती लोटली. जंगमस्वामी सांगतील तसं केलं. परतताना टेम्पोत माझ्या शेजारी बसला होता, माझा हात धरून. चौकात टेम्पो वळला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आपण कुठून येऊन राहिलो? अण्णा कुठंयत?"

ते पहिल्यांदा मीच सांगितलं. मग रोज आईच्या वाट्याला आलं. सकाळी उठला की विचारायचा. आईनं सांगितलं की मटकन खाली बसायचा, लहान लेकरासारखा रडायचा, आईला बोलायचा, मला आधी कामून सांगितलं न्हाई? मग थोड्या वेळानं विसरायचा आणि दुपारी जेवताना पुन्हा, अण्णांचं ताट कुठाय? नवरा गेलेल्या बाईसाठी तो रोज दोनदा जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. मला नांदेडला बसून फोनवर तिचा आवाज ऐकू यायचा. जेवण जाईना. क्लासमध्ये पोरांवर उगाच खेकसायची.

आणि एका सकाळी आई खोटं बोलली. दादा टेबलाशी बसला होता, अण्णा कुठंयत म्हणाला. तिच्या तोंडून निघून गेलं, "निलंग्याला गेलेत काकाकडं. येतील संध्याकाळच्या गाडीनं." दादा "बरं" म्हणाला. रडला नाही की काही नाही. आईनं मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात किती दिवसांनी जीव होता. "लेकरू हसलं गं आज," म्हणाली. मीही म्हटलं, असंच सांगत जा. दुसरं काय म्हणणार होते?

पण दादा टेबलाशी बसला होता ना. ऐकलेलं टिकत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून त्यानं ऐकल्या ऐकल्या लिहून टाकलं होतं: नवं, निलंग्याच्या गाडीनं येणाऱ्या अण्णांना संध्याकाळी स्टँडवरून आणायचं.

त्याच आठवड्यात स्टँडवरून मला फोन आला. अण्णांच्या हाताखाली काम केलेले एक गृहस्थ होते, आता तेच कंट्रोलर. ते आधी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग म्हणाले, "ताई, साहेबांचा मुलगा रोज संध्याकाळी हातात चिठ्ठी धरून निलंग्याच्या फलाटावर उभा असतो. गाडी आली की दारात जाऊन एकेका उतरणाऱ्याचं तोंड बघतो. शेवटची गाडी लागेपर्यंत. आम्ही चहा देतो, घरी सोडतो, आईंना काही सांगत न्हाई. पण ताई, बघवत न्हाई हो. काल मला म्हणला, अण्णांना विचारा ना माईकवर, कुठं अडकली गाडी म्हणून."

मी फोन ठेवला आणि लगेच आईला लावला. ती ते टेबलाशी बसलेल्या दादाला बोलली होती, म्हणजे त्यानं ते यादीत लिहिलंच असणार. हे काम होणारच नव्हतं. ते झालं म्हणून दादा कधीच सांगणार नव्हता, कारण अण्णा कधीच उतरणार नव्हते. आणि जे झालं नाही ते प्रोग्राम रोज दाखवणार, कारण त्याचसाठी तर तो लिहिला होता. आईचं एक खोटं, तिच्या जिवाला एक दिवस विसावा म्हणून बोललेलं, त्या फाइलीत जाऊन बसलं होतं आणि दादाला रोज फलाटावर उभं करत होतं.

शनिवारची वाट न बघता मी निघाले. घरी पोचले तर दादा अंघोळीला गेलेला. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी, तिला स्टँडचं कळलं होतं. "मी केलं गं हे," म्हणाली. मी तिला बोलले नाही. टेबलाशी बसले, "दाखव" केलं. फुलझाडं, दळण, आईचं तेल. आणि शेवटी ते. मी "झालं" लिहिलं, पुढं नंबर लिहिला. एंटर दाबलं की संपलं, दादाला पत्ताही लागणार नाही.

बोट दाबेना. आयुष्यात या माणसाचा कशावर विश्वास उरलाय? स्वतःच्या डोक्यावर नाही. आईवर नाही, कारण ती सांगते ते टिकत नाही. या एका फाइलीवर. तिच्यात मी लिहून ठेवणार, अण्णांना स्टँडवरून आणलं. मला स्वतःचाच राग आला, आईचा आला, डॉक्टरचा आला, आणि सगळ्यांत जास्त अण्णांचा आला, असे अर्ध्या ताटावरून उठून गेल्यासारखे गेले म्हणून.

"अगं, किती दिवसांनी आलीस!" दादा मागं उभा होता, डोक्याला टॉवेल. त्यानं खिडकीत वाकून बघितलं. "झालं काय? आणलंस तू त्यांना?"

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. सगळं. अण्णा गेले. तू माती दिलीस. तू रोज विचारतोस. आई खोटं बोलली. तू रोज स्टँडवर जातोस.

तो रडला, नेहमीसारखाच, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. आई आत गेली, तिला बघवेना. मी त्याची पाठ चोळत राहिले आणि मनात घड्याळ बघत होते, कारण थोड्या वेळात हे सगळं जाणार आणि मग पुन्हा पहिल्यापासून. त्यालाही ते माहीत होतं. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "रोज आई सांगते मला?"

"हाव."

"रोज?"

"रोज, दादा. कधी कधी दोनदा."

तो खिडकीकडं वळला. मी लिहिलेलं "झालं" त्यानं एकेक अक्षर मागं घेत पुसून टाकलं. "हे झालं न्हाई," म्हणाला. "चुकीचा डेटा लिहायचा नसतो, तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, मग खोडायची सोय कर. एक दोन ओळींचं काम. तर मॉनिटरवरच्या पट्टीकडं बघून म्हणाला, "अण्णांना चालणार न्हाई. लिहिलंय तर करायचं, लहानपणापासून ऐकतोय." मग त्यानं जेसन फाइलच नोटपॅडमध्ये उघडली. कंसांच्या त्या उतरंडीत ते काम शोधलं. अवतरणांमधला मजकूर काढला आणि तिथं नवा लिहिला. शेजारी "रोज"ची खूण खोटी होती ती खरी केली, म्हणजे ती ओळ आता रोज उभी राहणार. स्वल्पविराम दोनदा तपासले. एक जरी चुकला तर अख्खी फाइल वाचता येत नाही, असं मला म्हणाला, डोळ्यांतून पाणी चालूच. सेव्ह केलं, खिडकीत येऊन "दाखव" केलं.

यादीत शेवटी दिसलं: अण्णा गेले. मी माती दिली. स्टँडवर जायचं नाही. आईला विचारायचं नाही, तिला चहा करून द्यायचा.

थोड्या वेळानं तो मला म्हणाला, "अगं, कधी आलीस?" मी म्हटलं, आत्ताच.

त्यानंतर दादा स्टँडवर गेला नाही. सकाळी उठतो, पट्टी वाचतो, "दाखव" करतो. त्या ओळीशी आला की ती पुन्हा पुन्हा वाचतो, टॉवेलनं तोंड पुसतो. मग उठून आईसाठी चहा टाकतो, तिला कप नेऊन देतो, परत येऊन "झालं" लिहितो. त्या दिवसापुरतं ते काम दिसेनासं होतं. दुपारी कधी ताटाकडं बघून थबकतो, पण उठून खिडकीत जाऊन बघतो, "दाखव"च्या पुढं "सगळं" लिहून. झालेल्या कामांत त्याला ते सापडतं. आईला विचारत नाही.

मला वाटलं, सुटली बिचारी. पुढच्या शनिवारी गेले तेव्हा मोठ्या हौसेनं विचारलं, काय गं आई, आता बरं आहे ना?

आई गहू निवडत होती. हात थांबला नाही तिचा. "बरं हाय की," म्हणाली. चार खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "रोज इचारायचा ना, तवा लई जीव जायचा माझा. पण घरात एकदा तरी त्यांचं नाव निघायचं. आता कुणीच काढत न्हाई. मी तेवढी, तीपण मनातल्या मनात."

मला रडूच फुटलं. ती उलट मलाच दटावायला लागली, गप, त्याला ऐकू जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा दादा टेबलाशी होता आणि आई त्याच्या बाजूच्या स्टुलावर बसलेली. अण्णा बसायचे त्या स्टुलावर. तिला खिडकीतलं नीट दिसत नाही, चष्मा बदलायचा राहिलाय.

"काय लिवलंय, मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

दादानं तिच्याकडं बघितलं. मग वाचलं. अण्णा गेले. मी माती दिली.

"हाव," आई म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "गेले रे बाबा. आता चहा टाक."